फंड युनिटं छापत नाही, सोनं घेऊन देतो

"गोल्ड ईटीएफ म्हणजे नुसता कागद. मागणी वाढली की फंडवाले हवी तेवढी युनिटं छापतात आणि भाव आपल्या मर्जीने सोन्याच्या आसपास ठेवतात. आपण युनिट परत केलं तर सोनं देत नाहीत. मग आत सोनं आहे तरी कशावरून?"

गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात युनिटं विकत घेता येतात असा सोन्याचा फंड, याबद्दल ही तक्रार ऐकू येते. आधी छपाईचं बघू. एसपीडीआर गोल्ड शेअर्स हा 2004 साली सुरू झालेला अमेरिकी फंड उदाहरणाला घेतो. तो सुटी युनिटं कुणालाच देत नाही. देतो ती 1,00,000 युनिटांची बास्केट, आणि तीही फक्त करार केलेल्या मोठ्या दलाल संस्थांना. त्यांना ऑथराइज्ड पार्टिसिपंट म्हणतात. बास्केटच्या बदल्यात तेवढंच सोनं लंडनमध्ये फंडाच्या कस्टोडियनकडे, म्हणजे सोनं सांभाळणाऱ्या बँकेकडे, जमा व्हावं लागतं. आधी ते हिशेबी खात्यात येतं, मग कस्टोडियन साधारण 400 औंसांच्या विटा क्रमांकासह फंडाच्या नावे लावतो. विटा हिशेबाला नेमक्या बसत नाहीत. जे उरतं ते दिवसाखेर 430 औंसांहून, म्हणजे एका मोठ्या विटेहून, कमी असावं लागतं.

आता मर्जीचं. बाजारात युनिटाचा भाव फंड ठरवतच नाही, तो घेणारे-देणारे ठरवतात. तरी तो भरकटत नाही, कारण भरकटला की कुणाला तरी पैसे मिळतात. हिशेबापुरतं धरा: एका युनिटामागे 0.092 औंस सोनं आणि औंसाला 3,000 डॉलर. युनिटामागचं सोनं झालं 276 डॉलरचं, बास्केटमधलं 9,200 औंस. गर्दीने युनिटाचा भाव 277 वर नेला. पार्टिसिपंट त्या भावाने लाखभर युनिटं विकतो आणि त्याच क्षणी लंडनच्या बाजारात 9,200 औंस घेतो. सोनं फंडाला देतो, बास्केट घेतो आणि विकलेली युनिटं चुकती करतो. वरचा फरक 1,00,000 डॉलर. त्यातून बास्केटमागची फी, समजा 2,000, आणि सोनं घेताना औंसामागे अर्धा डॉलर जादा गेला तर 4,600 वजा करा. उरले 93,400. एवढे पैसे समोर दिसत असताना दुसरा पार्टिसिपंट थांबणार नाही. सगळे युनिटं विकतात, सोनं घेतात, आणि फरक मिटतो. भाव सोन्याखाली गेला की हेच उलटं: स्वस्त युनिटं गोळा करायची, बास्केट परत द्यायची, सोनं घ्यायचं आणि विकायचं.

पण खर्च 6,600 डॉलर आहे, म्हणजे युनिटामागे साडेसहा सेंटांच्या आसपास. फरक तेवढाच असेल तर कुणी हात हलवत नाही. म्हणून भाव सोन्याच्या जवळ राहतो, अगदी चिकटून नाही. शिवाय पार्टिसिपंटला हा हक्क आहे, बंधन नाही. मार्च 2020 मध्ये ते दिसलं. स्विस रिफायनऱ्या बंद, विमानं जमिनीवर, आणि न्यूयॉर्कचे फ्युचर्स, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, लंडनच्या भावापेक्षा कित्येक डॉलर वर. ज्या पार्टिसिपंटांनी जोखीम फ्युचर्सवर झाकायची ठरवली होती, त्यांचं झाकणच हललं. अशा वेळी ते खरेदी-विक्रीच्या भावांत जास्त अंतर ठेवतात, आणि भार आपल्यावर येतो.

(स्क्रीनवर दिसणारा प्रत्येक फरक खरा नसतो, हेही जाता जाता. या फंडाची एनएव्ही, म्हणजे युनिटामागच्या सोन्याची किंमत, लंडनच्या दुपारी 3 च्या सोन्याच्या लिलावावरून काढतात, न्यूयॉर्कचा बाजार त्यानंतर साधारण सहा तासांनी बंद होतो. मधल्या वेळात सोनं हललं तर 'प्रीमियम' नुसता घड्याळाचा असतो. एकाच क्षणीचे दोन भाव ताडून पाहा.)

सोनं परत मिळण्याबद्दलची तक्रार अर्धी खरी आहे. लाख युनिटं नसलेल्या माणसाला विटा मिळत नाहीत, आणि असली तरी पार्टिसिपंटमार्फतच जावं लागतं. पण दार बंद आहे असं नाही. 2013 मध्ये सोनं घसरलं, लोकांनी युनिटं विकली, पार्टिसिपंटांनी ती गोळा करून परत केली, आणि या फंडाचा साठा वर्षभरात सुमारे 1,350 टनांवरून 800 टनांवर आला. साडेपाचशे टन बाहेर पडलं. याउलट सेंट्रल फंड ऑफ कॅनडाच्या तिजोरीत सोनं-चांदी होती, पण युनिटं अशी देण्या-घेण्याची सोय नव्हती, आणि त्याचा भाव आतल्या धातूपेक्षा बराच काळ खाली राहिला.

मात्र पार्टिसिपंट भाव सांभाळतो, तिजोरी नाही. विटा खरंच आहेत का, हे भावावरून कळत नाही. त्यासाठी फंडाने जाहीर केलेली विटांची यादी बघावी लागते: क्रमांक, रिफायनरी, वजन, शुद्धता, आणि स्वतंत्र संस्थेने केलेली मोजणी.