बोलकी बाहुली, गळलेला सेल आणि माझं अर्धवट वाक्य

«ताई, तुमचा लेख वाचून नणंदेकडून आलेली बोलकी बाहुली साबणाच्या पाण्यात बुडवून धुतली. तेव्हापासून ती मुकी झाली. उघडून पाहिलं तर आत हिरवट-पांढरा थर. ‘स्वच्छ धुवून उन्हात ठेवा’ एवढं लिहून तुम्ही मोकळ्या झालात. आणि दुसऱ्याचं वापरलेलं खेळणं पोरीला खास कसं वाटणार, तेही सांगा.» – अमळनेरहून एक वाचक

चूक माझीच. ते वाक्य लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर साधी कापडी बाहुली होती, पोटात आवाजाची डबी असलेली नव्हे. पण तुम्ही सांगितलेला थर एका धुण्यात येत नाही. सेल आतच राहून गळला की असा थर साचतो, आणि हिरवा रंग तांबं-पितळ गंजल्याचा असतो. म्हणजे बाहुली आधीच आजारी होती, पाण्याने शेवटचा धक्का दिला.

माझ्याकडेही तीच गत झाली होती. आखाजीला माहेरी गेले तेव्हा बहिणीने चोपड्याहून तिच्या मुलीची बाहुली आणली होती. पाठीवरची शिवण उसवली तर आत तीन पेन्सिल सेलची डबी. एका सेलखाली तपकिरी चिकटा आणि स्प्रिंगवर खरपुडी. सेल कोणता आहे ते आधी वाचा, कारण औषध त्यावर ठरतं. ‘अल्कलाइन’ लिहिलेला सेल गळला की बाहेर येतं ते क्षारयुक्त असतं, त्याला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लागतो. घड्याळात घालतो तो साधा स्वस्त सेल बहुधा आम्लधर्मी गळतो, त्याला खायचा सोडा पाण्यात कालवून. माझा साधा होता. हातात रबरी मोजे घातले, कान कोरायच्या काडीने सोड्याचा लेप स्प्रिंगवर फिरवला, मग फिल्टरच्या पाण्यात काडी किंचित ओली करून पुसलं. बोअरचं पाणी नको, ते वाळल्यावर स्वतःच पांढरे डाग सोडतं. कोरडं झाल्यावर पॉलिश पेपरचा तुकडा स्प्रिंगवर घासला, धातू चमकेपर्यंत. रात्रभर उघडं ठेवून सकाळी तीन नवे सेल घातले. एक नवा आणि दोन जुने असं करू नका, जुना लवकर संपतो आणि तोच आधी गळतो.

बाहुली बोलली, पण घोगरी. आवाज अजूनही तसाच आहे.

डबी बाहेर काढल्यावरच अंग धुवायचं. बादलीभर कोमट पाणी, चमचाभर साबण, आणि पिळायचं नाही, टॉवेलमध्ये दाबायचं. वाळवणं मात्र पंख्याखाली. जळगावच्या मे महिन्यातलं गच्चीवरचं ऊन पापडाला उत्तम. बाहुलीचे रंग मात्र त्यात उडतात, आणि आतला कापूस वरून कोरडा वाटून मध्ये ओला राहतो. दोन दिवसांनी पोट घट्ट दाबून वास घ्या. कुबट आला तर शिवण उसवा, कापूस बदला. बाहुलीचा चेहरा मऊ प्लॅस्टिकचा असून धुतल्यावरही चिकट लागत असेल तर तो मळ नाही, प्लॅस्टिकच विरघळायला लागलंय. अशी बाहुली तोंडात घालणाऱ्या बाळाला देऊ नका.

एका बाबतीत मी हट्टी आहे. डबीत पेन्सिल सेलऐवजी बटणासारखा चपटा सेल असेल आणि झाकणाला स्क्रू नसेल, तर ते खेळणं घरात नको. तो सेल गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजतो. तसा संशय आला तरी ताबडतोब दवाखाना, उलटी काढायची नाही. तीन वर्षांखालच्या पोरीसाठी डोळे-बटणं ओढून बघा. सुटलेला तुकडा टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळकांड्यातून आरपार जात असेल तर तो घशात अडकू शकतो. भारतात खेळण्यांवर आयएसआय खूण १ जानेवारी २०२१ पासून सक्तीची झाली, त्याआधीच्या खेळण्यावर ती नसेल तर दचकू नका, पण तपासा जास्त.

आता ‘खास’चा प्रश्न. मी लेकीपासून काहीच लपवलं नाही. चार वर्षांची आहे, तिला टॉर्च धरायला लावला. पोट शिवताना ती बाहुलीला “दुखतंय का?” विचारत होती. तिच्याच तोकड्या झालेल्या फ्रॉकचा घेर कापून बाहुलीला परकर शिवला, काठाला माझ्या जुन्या खणाच्या ब्लाउजची पट्टी. बहिणीची मुलगी या बाहुलीला ‘चिंगी’ म्हणायची, तेच नाव ठेवायचं की बदलायचं, हे मी लेकीवर सोडलं. तिने बदललं नाही. फक्त घोगऱ्या आवाजाचं कारण तिने शोधलं. चिंगीने बर्फाचा गोळा खाल्ला म्हणे.

तुमची बाहुली फेकली नसेल तर आधी डबी पूर्ण वाळू द्या, मग स्प्रिंग घासा. घासताना स्प्रिंगच तुटून हातात आली, तर रिमोट-रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे डबी न्या, तो जुन्या रिमोटमधली लावून देईल. ते करूनही मुकीच राहिली, तर डबी काढून टाका, पोटात कापूस भरा आणि नुसती मिठी मारायची बाहुली म्हणून पोरीला द्या.