७९९९ ला कोणी घेतलाय का हो?

मला एकदा त्या माणसाला भेटायचंय ज्याने खोडलेल्या किमतीला वस्तू घेतलीये. असेल ना कुठेतरी? ऑनलाइन सेल लागला की प्रत्येक वस्तूच्या शेजारी ती किंमत असतेच, बारीक राखाडी अक्षरात, पोटातून आडवी रेघ मारलेली, आणि आपल्याला वाटतं की कालपर्यंत लोक बिचारे एवढे पैसे मोजत होते आणि आपलं नशीब बघा. पण बऱ्याचदा ती किंमत कोणीच मोजलेली नसते. विक्रेत्याने लिस्टिंग टाकताना एक रकाना भरला, झालं. आणि ते भलंमोठं '७० टक्के ऑफ' निघतं ते त्या रकान्यातल्या आकड्यावरून, म्हणजे रकान्यात जेवढं फेकाल तेवढी सूट जास्त.

हे ज्ञान मी घरात सगळ्यांना फुकट वाटतो, त्यामुळे सेलच्या दिवसांत माझ्याशी शक्यतो कोणी बोलत नाही. फक्त धाकटी बहीण लिंका पाठवते, कारण तिला भांडायला आवडतं. यावेळी व्हॅक्युम क्लीनर होता. '७९९९ चा २३९९ ला! दादा, ७० टक्के! दोनच तास राहिलेत, घेऊ ना?'

मी म्हटलं थांब. ती म्हणाली टायमर चालू आहे. मी म्हटलं तीच लिंक दुसऱ्या फोनवर लॉगिन न करता उघड, तिथे किती दाखवतंय बघ. तिथे पाच तास होते. मग म्हणाली बरं, बोल.

आता माझी आवडती गोष्ट, प्राइस ट्रॅकर. लिंक पेस्ट करायची, की ती वस्तू मागच्या काही महिन्यांत कितीला विकायला होती त्याचा आलेख येतो. इथे पहिली गोची अशी की बऱ्याच ठिकाणी आधी शेवटचा महिनाच दिसतो आणि त्या एका महिन्यात सगळं खरं वाटतं, आमच्या क्लीनरचा भावसुद्धा महिनाभर ३४९९ वर सरळ रेषेत आणि सेलच्या रात्री धाडकन २३९९. बहीण म्हणाली बघ, ११०० कमी झालेच की. मी शांतपणे सहा महिन्यांचं बटण दाबलं (शांतपणे हे माझं मत, तिच्या मते मी हसत होतो). तर सहा महिन्यांतला बहुतेक काळ हा बाबा २१९९ ला पडलेला! सेलच्या पाच आठवडे आधी त्याला उचलून ३४९९ वर बसवला आणि सेलमध्ये २३९९ ला 'उतरवला'. म्हणजे नेहमीपेक्षा दोनशे जास्त देऊन आपण सत्तर टक्के सूट घेणार होतो. आणि ७९९९? आलेखात कुठेच नाही. एक दिवससुद्धा नाही.

आता पाच आठवडेच का, हे मला फार मजेशीर वाटतं. युरोपियन युनियनमध्ये मे २०२२ पासून नियम आहे की सूट जाहीर करताना आधीची किंमत म्हणून मनाला येईल तो आकडा दाखवायचा नाही, निदान मागच्या ३० दिवसांतली सगळ्यात कमी किंमत दाखवायची. तरी जर्मनीतल्या एका सुपरमार्केट साखळीने केळ्यांवर २३ टक्के सूट म्हणून जाहिरात केली, १.६९ चे १.२९ युरो, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं की मागच्या ३० दिवसांतली सगळ्यात कमी किंमत १.२९. म्हणजे तोच भाव, फक्त टोपी घातलेला! प्रकरण युरोपच्या वरच्या कोर्टात गेलं आणि २०२४ मध्ये कोर्टाने सांगितलं की टक्केसुद्धा त्या ३० दिवसांतल्या कमीत कमी किमतीवरूनच काढा, नुसती ती खाली छापून भागणार नाही. केळ्यांची सूट तिथेच शून्य झाली.

पण आमचा क्लीनर या नियमातूनही आरामात सुटला असता. भाव पाच आठवडे आधीच चढवलाय ना, मग ३० दिवसांतली कमीत कमी किंमत ३४९९ च येते आणि ३१ टक्के सूट अगदी कायदेशीर. म्हणून आलेख महिन्याचा बघून उपयोग नाही, निदान सहा महिन्यांचा, जमलं तर वर्षाचा बघायचा, कारण मागच्या मोठ्या सेलमध्ये वस्तू कितीला होती तेही त्यात सापडतं. आणि एखाद्या दिवसाचा खड्डा किंवा शिखर बघून उड्या मारायच्या नाहीत, जो भाव सगळ्यात जास्त दिवस टिकला तोच त्या वस्तूचा खरा भाव धरायचा.

ट्रॅकरही काही देव नाही हां. कूपन आणि कार्डवरची सूट तो बहुतेकदा धरत नाही, कधी आलेख निळ्या रंगाच्या वस्तूचा असतो आणि आपण लाल घेत असतो, कधी मधेच विक्रेता बदललेला असतो. आणि खरी पंचाईत नव्या लिस्टिंगची, सेलच्या आठवडाभर आधी जन्मलेली वस्तू, तिला इतिहासच नाही, मग तिची आधीची किंमत कुठून आली हे तिलाच माहीत. अशा वेळी मी मॉडेल नंबर शोधतो. पुष्कळदा तीच वस्तू शेवटच्या एका अक्षराच्या फरकाने दुसरीकडे असते आणि तिचा भाव बघितला की इकडच्या खोडलेल्या आकड्याची हवा जाते. पण कधी ते एक अक्षर म्हणजे मोटर लहान किंवा वॉरंटी अर्धी असंही असतं, खास सेलसाठी काढलेलं मॉडेल, त्यामुळे दोन्हींचे तपशील शेजारी शेजारी ठेवून ओळ न ओळ वाचावे लागतात. हे मी रात्री एक वाजता करतो. बायको म्हणते झोप. मी म्हणतो वॅट जुळत नाहीयेत.

तर बहिणीने शेवटचं अस्त्र काढलं, कार्डवर आणखी १० टक्के. म्हणजे २३९९ वर २४० गेले की २१५९, चक्क नेहमीच्या भावापेक्षा ४० कमी! मी हरलोच होतो, पण अटी वाचायची सवय कामाला आली, ऑफर किमान ३००० च्या खरेदीवर. मग काय, सहाशे एक रुपयांचं आणखी काहीतरी शोधायला ती लागली. चाळीस वाचवण्यासाठी! तासभराने तिच्या कार्टमध्ये बॅगा ठेवायच्या बॅगा होत्या. मी काहीच बोललो नाही, नुसता बघत राहिलो, तेव्हा तिनेच चिडून कार्ट रिकामी केली आणि ट्रॅकरवर २१९९ चा अलर्ट लावून दिला.

सेल संपला. मधल्या काळात क्लीनर ३४९९ वर जाऊन परत बसला, बहिणीने मला रोज टोमणे मारले, आणि मग एका साध्या मंगळवारी, ना सेल ना बॅनर, अलर्ट आला, २१९९. पानावर तेच ७९९९ खोडलेलं, फक्त आता शेजारी ७३ टक्के लिहिलेलं. सेलपेक्षा जास्त! तिने लगेच घेतला आणि घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला, 'आज ५८०० रुपये वाचवले.'

आईने टाळ्या पाठवल्या.