तूट आणि गंगाजळी

"चालू खात्यात तूट आली की परकीय चलनाची गंगाजळी तेवढीच घटते."

तसं होतंच असं नाही. चालू खात्यातली तूट म्हणजे आयातीसारख्या व्यवहारांत देशाबाहेर गेलेला पैसा निर्यातीसारख्या व्यवहारांतून आलेल्या पैशापेक्षा जास्त असणं. २०१२-१३ मध्ये भारताची तूट सुमारे ८८ अब्ज डॉलर होती, जीडीपीच्या ४.८ टक्के. तरीही त्या वर्षी व्यवहारतोलाच्या, म्हणजे परदेशांशी झालेल्या सगळ्या व्यवहारांच्या, हिशेबात गंगाजळीत जवळपास ४ अब्जांची भर पडली, कारण भांडवली खात्यावर, म्हणजे गुंतवणूक आणि कर्जांच्या रूपाने, तुटीहून जास्त पैसा आला. खरा प्रश्न आहे तो कोणता पैसा आला याचा. कारखान्यात गुंतलेला पैसा रातोरात उठून जात नाही, रोख्यांतला जातो. मे २०१३ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, फेडने, रोखेखरेदी कमी करण्याचे नुसते संकेत दिले, रोख्यांतला पैसा बाहेर पडू लागला आणि ५५ च्या आसपास असलेला डॉलर ऑगस्टअखेर ६८ रुपयांवर गेला.