तीनचा आठ झाला, आणि संदीपदादाने नाही म्हटलं

तलावपाळीच्या कट्ट्यावर परवा जो वाद झाला, तो अजून संपलेला नाही. प्रसादला ऐरोलीच्या एका कंपनीत नोकरी लागली आहे. कागदपत्रं पाठवायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं, की दहावीच्या प्रमाणपत्रावर जन्मतारीख १२/०३/१९९९ आहे आणि आधारवर १२/०८/१९९९. शाळेत आधारचं शिबिर झालं तेव्हा फॉर्म हाताने भरला होता. कुणीतरी तीनचा आठ वाचला, आणि पावतीवरची तारीख घरात कुणी तपासली नाही.

प्रसाद आधारचा स्कॅन घेऊन संदीपदादाकडे गेला. दादाचं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे, फोटोशॉपवर त्याचा हात बसलेला आहे. "आठचा तीन कर फक्त," प्रसाद म्हणाला. दादाने सरळ नकार दिला. हाच विषय संध्याकाळी कट्ट्यावर आला.

महेश पहिल्यांदा तावातावाने बोलला. "यात खोटं काय आहे? खरी तारीख तीनचीच. आधारच चुकलंय. चूक दुरुस्त केली तर त्याला फसवणूक कसं म्हणणार?"

मला हा मुद्दा वरवरचा वाटत नाही. बहुतेक लोक नेमकं याच भावनेने असं काम करायला सांगतात. त्यांना वय लपवायचं नसतं, डोक्यावरचा त्रास टाळायचा असतो. पण दादाने दिलेलं उत्तर मला पटलं.

"तारीख खरी असेल, कागद खरा राहत नाही," तो म्हणाला. "तू कंपनीला हे सांगत नाहीस, की माझा जन्म मार्चचा आहे. तू सांगतोयस, की सरकारने दिलेल्या कार्डावर मार्च छापलंय. ते छापलेलं नाही. कायदा तेवढंच बघतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३७ मध्ये आधार कार्डाचं नाव घेऊन लिहिलंय, सात वर्षांपर्यंत शिक्षा. आणि बनावट कागद खरा म्हणून वापरणाऱ्यालाही तीच शिक्षा, कलम ३४०. म्हणजे मी बनवणारा, तू वापरणारा, दोघंही अडकणार."

"कोण बघतंय रे एवढं!" महेश म्हणाला.

इथे दादाने प्रसादचं कार्ड मागितलं आणि त्यावरचा मोठा चौकोनी क्यूआर कोड आधारच्या स्कॅनर ॲपने वाचून दाखवला. स्क्रीनवर नाव, पत्ता, फोटो आणि जन्मतारीख १२/०८/१९९९ असं सगळं उघडलं. त्यासाठी इंटरनेटसुद्धा लागत नाही, कारण माहिती कोडमध्येच असते आणि तिच्यावर आधार प्राधिकरणाची डिजिटल सही असते. त्या माहितीतलं एक अक्षर बदललं तरी सही जुळत नाही. चित्रातला आठ पुसता येतो, कोडमधला नाही. कोडच खोडून काढला, तर कोड नसलेलं किंवा न वाचता येणारं कार्ड बघूनच समोरच्याला शंका येते. दहावीचा कागद मार्च सांगतोय, कार्डाचा चेहरा मार्च सांगतोय आणि कोड ऑगस्ट सांगतोय, हे नोकरीची पडताळणी करणाऱ्याला मोबाईलवर क्षणात दिसेल. मग साधी कारकुनी चूक असलेला मुलगा कागदात फेरफार करणारा ठरतो. ऑफर तिथेच जाऊ शकते.

आणि समजा निसटलं, तरी पुढे पीएफ आहे. पीएफचा कायमचा क्रमांक, म्हणजे यूएएन, आधारशी जोडला जातो, तिथे ऑगस्टच चढणार. स्कॅनवर तीन करून तिथला आठ हलत नाही.

सुहासने मध्येच सुचवलं, "मग गॅझेट कर, नोटरीकडून ॲफिडेव्हिट कर." हा सल्ला ठाण्यात कुणालाही विचारा, मिळतो. पण इथे त्याची गरजच नाही. गॅझेट किंवा प्रतिज्ञापत्राने आधारच्या नोंदीतली तारीख आपोआप बदलत नाही, आणि योग्य तारखेचा मूळ पुरावा प्रसादच्या हातात आहेच. चूक जिथे झाली तिथेच ती सुधारायची.

प्रक्रिया फार अवघड नाही. जन्मतारीख घरबसल्या बदलत नाही, आधार सेवा केंद्रात किंवा बँक-पोस्टातल्या नोंदणी केंद्रात स्वतः जावं लागतं, कारण बोटांचे ठसे घेऊन ओळख पटवतात. सेवा केंद्राची वेळ आधी ऑनलाइन घेता येते. सोबत मूळ पुरावा न्यायचा, तिथे स्कॅन करून तो लगेच परत देतात. झेरॉक्स चालत नाही. शुल्क ७५ रुपये, पावतीसह.

पुरावा कुठला, यावर मात्र प्रसाद अडला असता. घरात महापालिकेचा जन्मदाखला आहे, पण त्यात बाळाच्या नावाचा रकाना कोरा आहे. जन्मानंतर लगेच दाखला काढून ठेवला आणि नाव पुढे कधी चढवलंच नाही, असं आपल्याकडे सर्रास होतं. त्यावर तारीख बरोबर असूनही तो उपयोगाचा नाही, कारण पुराव्यावरचं नाव आधारवरच्या नावाशी जुळावं लागतं. म्हणून दादाने त्याला बोर्डाचं दहावीचं प्रमाणपत्र न्यायला सांगितलं, आणि आधी वडिलांच्या नावासकट स्पेलिंग ताडून बघायला लावलं. अर्ज फेटाळला जातो तो बऱ्याचदा असल्या एखाद्या अक्षरापायी.

दादाने सगळ्यात जास्त जोर दिला तो पुढच्या गोष्टीवर, आणि मीही देईन. जन्मतारीख आधारवर एकदाच बदलून मिळते. दुसऱ्यांदा लागली तर प्रकरण प्राधिकरणाच्या प्रादेशिक कार्यालयात जातं, आपल्यासाठी ते मुंबईत कफ परेडला आहे, आणि तिथे कारण पटवून द्यावं लागतं. त्यामुळे ऑपरेटर टाइप करत असताना समोरच्या स्क्रीनवर तारीख वाचायची, पावती हातात आली की काउंटर सोडण्याआधी पुन्हा वाचायची. ०३/१२ आणि १२/०३ अशी उलटापालट होते, ती तिथेच पकडली तर ठीक.

पावतीवरच्या नोंदणी क्रमांकाने पुढची स्थिती बघता येते. बदलाला ९० दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. आधार क्रमांक तोच राहतो, फक्त नवीन ई-आधार उतरवून घ्यायचं. प्रसादने पॅन आधारवरूनच झटपट काढलं होतं, म्हणजे तिथेही ऑगस्ट आहे. आधी आधार, मग पॅनच्या दुरुस्तीचा अर्ज, मग बँक. उलट क्रमाने गेलं तर पॅनवर मार्च आणि आधारवर ऑगस्ट अशी नवीन विसंगती उभी राहते.

"आणि नव्वद दिवस कंपनी थांबणार?" महेशने विचारलं. रास्त प्रश्न होता.

दादा म्हणाला, "थांबायला सांगायचंच नाही. आजच एचआरला लिही." मग त्याने कट्ट्यावर बसूनच मेल सांगितला आणि प्रसादने मोबाईलवर उतरवला: माझ्या आधारवरील जन्मतारीख नोंदणीतील चुकीमुळे १२/०८/१९९९ आहे, दहावीच्या प्रमाणपत्रानुसार ती १२/०३/१९९९ आहे. दुरुस्तीचा अर्ज करत आहे, पावती मिळताच पाठवेन. तोपर्यंत दोन्ही कागद आहेत तसे जोडत आहे. पीएफची नोंद कोणत्या तारखेने करावी आणि नंतर कशी सुधारावी, हे कृपया कळवावे.

प्राधिकरणानेच २०२३ मध्ये स्पष्ट केलंय, की आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही. पीएफ कार्यालयानेही जन्मतारखेच्या पुराव्यांतून ते जानेवारी २०२४ मध्ये वगळलं. त्यामुळे दहावीचा कागद समोर असताना फरक उघडपणे सांगणाऱ्या माणसाकडे बाजू मांडायला पुरेसं आहे.

महेश अजूनही म्हणतो, की एका आकड्यासाठी सरकारने माणसाला एवढं फिरवू नये. या तक्रारीत मी त्याच्यासोबत आहे. शिबिरात दुसऱ्याच्या हातून झालेल्या चुकीचे ७५ रुपये आणि अर्धी रजा प्रसादने का भरायची, याला दादाकडेही उत्तर नव्हतं. प्रसादने शनिवार सकाळची वेळ घेतली आहे.