नुसतं "हे काय आहे?" आणि एक फोटो

किड्यांचे, झाडांचे असे फोटो मला रोज येतात, आणि यायलाच पाहिजेत, मला मनापासून आवडतं ते. पण उत्तर देताना माझं अर्धं डोकं "हे काय आहे" यावर असतं आणि अर्धं "विचारणाऱ्याला नक्की काय हवंय" यावर. कारण किती खात्रीचं उत्तर पुरेल हे त्यावरच ठरतं, हे या आठवड्यात आलेल्या दोन फोटोंवरून सांगते.

पहिला फोटो फुलावर बसलेल्या किड्याचा, पिवळे-काळे पट्टे, पाहिल्यावर कोणीही गांधीलमाशीच म्हणेल. खाली चार शब्द, ताई हे काय आहे, बास. मी झूम केलं आणि आधी डोकं पाहिलं, पट्टे नाही, कारण पट्ट्यांची नक्कल करणारे खूप असतात. डोळे एवढे मोठे की डोक्याचा बराचसा भाग डोळ्यांनीच व्यापलेला, मिशा एकदम आखूड आणि कंबर बारीक नाही. गांधीलमाशीच्या मिशा लांब आणि वाकलेल्या असतात, कंबर दोऱ्यासारखी. पंख मोजायचे तर घरमाशीसारख्या माश्यांना एकच जोडी, दुसऱ्या जोडीच्या जागी छोट्या घुंड्या असतात, पण फोटोत मी फक्त पंखांवर विसंबत नाही, कारण गांधीलमाशीचे पुढचे-मागचे पंख बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकलेले असतात आणि फोटोत एकच जोडी वाटते.

तर उत्तर असं दिलं. ही गांधीलमाशी नाही, माशी आहे, याची पूर्ण खात्री. हॉवरफ्लाय म्हणजे हवेत एका जागी तरंगणाऱ्या माश्यांच्या कुळातली आहे, याचीही खात्री, कारण पंखात या कुळाची खूण असलेली जादाची खोटी शीर स्पष्ट दिसत होती. जीनस बहुतेक सिर्फस, पोटावरचे पट्टे माणसाच्या मिशीच्या आकाराचे आणि अखंड आहेत म्हणून, पण तसेच पट्टे दुसऱ्या जीनसमध्येही असतात म्हणून "बहुतेक". आणि स्पीशीज? नाही सांगता येत. दोन डोळ्यांच्या मधे फट आहे म्हणजे मादी आहे, आणि मादीत मागच्या पायाच्या मांडीचा रंग उपयोगी पडतो, पण फोटो वरून काढलाय आणि तो पाय पंखाखाली झाकलेला आहे. कितीही झूम करा, जे कॅमेऱ्यासमोर आलंच नाही ते दिसणार नाही.

मग फोटो पाठवणारीने खरा प्रश्न विचारला, चावते का? तर नाही, हॉवरफ्लायला नांगी नसतेच, आणि या गटातल्या अनेकींच्या अळ्या तर मावा खातात. म्हणजे स्पीशीज कळली नाही तरी तिच्या प्रश्नाचं पक्कं उत्तर मिळालं, कूळ पुरेसं होतं.

दुसरा फोटो झाडाचा. पांढरा, छत्रीसारखा फुलोरा, वरूनच काढलेला, खाली पुन्हा तेच, हे काय आहे. कूळ मी लगेच सांगितलं, गाजर-कोथिंबिरीचं, पूर्ण खात्रीने. पण या वेळी मी आधीच विचारलं की कशासाठी हवंय, तर म्हणाला रानगाजर वाटतंय, मूळ उपटून खाऊन बघणार होतो. इथे कूळ कळून काहीच उपयोग नाही, कारण हेमलॉकही याच कुळातलं, आणि त्याचे सगळेच भाग विषारी, स्नायू लुळे पडून श्वास बंद होऊ शकतो. नुसता फुलोरा पाहून या दोघांत मी फरक करणार नाही, कोणी केला तरी विश्वास ठेवू नका. रानगाजराच्या मधोमध कधीकधी एक गडद लाल फूल असतं, पण ते नेहमीच नसतं, त्यामुळे ते दिसलं नाही यावरून काहीच ठरत नाही.

म्हणून मी त्याला सांगितलं, उपटू नकोस, खोडाचा जवळून फोटो पाठव, फुलोऱ्याच्या खालून एक पाठव, म्हणजे तिथली छोटी पानं दिसतील, आणि कुठे उगवलंय ते लिही. हेमलॉकचं खोड गुळगुळीत आणि बहुतेक वेळा त्यावर जांभळे डाग, रानगाजराचं केसाळ, आणि त्याच्या फुलोऱ्याखालची पानं चिरलेली, फाटे फुटलेली.

संध्याकाळी फोटो आले. खोड केसाळ, खालची पानं चिरलेली. मी लिहिलं की हे हेमलॉक नाही हे आता जवळपास नक्की, रानगाजर असण्याची शक्यता खूप वाढली. पण याच कुळात आणखीही विषारी झाडं आहेत आणि मी ते झाड हातात घेऊन पाहिलेलं नाही, त्यामुळे नाव विचारशील तर "बहुधा रानगाजर", आणि खाऊ का विचारशील तर "नको". त्याने विचारलं, एकाच फोटोला दोन उत्तरं कशी? मी म्हटलं प्रश्न दोन आहेत रे, नाव चुकलं तर उद्या सुधारता येईल, खाल्लेलं नाही.