सही-शिक्का नंतर बघा, आधी हप्ता मोजा

भांडुपला आमच्या चाळीतला एक मुलगा परवा मोबाईलवर आलेलं कर्जमंजुरीचं पत्र दाखवायला आला. "काका, पाच लाख मंजूर झालेत. फक्त प्रोसेसिंग फीचे ५,३१० भरायचेत, आज पाचच्या आत." मी पतपेढीत कर्जाच्या टेबलावर बसतो, म्हणून चाळीतली अशी पत्रं माझ्याकडेच येतात.

पत्र दिसायला झकास. नामांकित बँकेचा लोगो, गोल शिक्का, वर रिझर्व्ह बँकेची 'मान्यता'. रिझर्व्ह बँक कुणाचं वैयक्तिक कर्ज मंजूर करत नाही, त्यामुळे खरं तर तिथेच विषय संपला. पण उद्या हे लोक ती ओळ काढून टाकतील. म्हणून मी म्हणतो, आकडे बघा.

व्याज ३ टक्के, मुदत ६० महिने, हप्ता ९,५८३. मुदत ठेवीवर बँक स्वतःच ३ टक्क्यांहून जास्त देते, मग विनातारण कर्ज ३ टक्क्यांनी कोण देईल? आणि तो हप्ता! पाच लाखांवर ३ टक्क्यांनी पाच वर्षांचं सरळव्याज ७५,००० होतं. ते मुद्दलात मिळवून साठने भागलं की ९,५८३ येतात. बँक उरलेल्या मुद्दलावर व्याज लावते, त्या हिशेबाने हप्ता साधारण ८,९८४ यायला हवा. म्हणजे पत्र बँकेच्या सिस्टीममधून निघालेलंच नाही, कुणीतरी कॅल्क्युलेटरवर बसवलंय.

खऱ्या मंजुरीपत्रात अटी असतात, ते किती दिवस चालेल ते असतं. ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांसोबत 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावंच लागतं. त्यात सगळे चार्जेस आणि ते धरून येणारा वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. या पत्रात त्यातलं काहीच नव्हतं, फक्त पैसे भरायचा क्यूआर कोड होता.

आता प्रोसेसिंग फी. ती खरी बँकही घेते, पण वैयक्तिक कर्जात सहसा रकमेतून कापून. इथे ४,५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरलं, तर खात्यात ४,९४,६९० आले असते, हिशेब संपला. गृहकर्जात काही ठिकाणी अर्जासोबत लॉगिन फी आधी भरावी लागते, हे खरं आहे. पण ती बँकेच्या नावाने जाते, पावती मिळते. मुलाला म्हटलं, कोड स्कॅन कर, पिन टाकू नकोस. स्क्रीनवर बँकेऐवजी भलत्याच माणसाचं नाव आलं.

भरले असते तर पुढे विम्याचे मागितले असते. मग "तुमचा खातेनंबर चुकला, फाइल लॉक झाली" म्हणून आणखी. आधीचे बुडू नयेत म्हणून माणूस भरत जातो, आणि हे लोक नेमकं त्यावरच जगतात.

कुणी भरून बसलं असेल तर त्या एजंटशी हुज्जत घालत बसू नका. लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार टाका. पैसे समोरच्या खात्यातून निघायच्या आत गोठवता आले, तरच परत मिळायची आशा असते. यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा ओळख नंबर, आणि ते पत्र हाताशी ठेवा, चॅट डिलीट करू नका.