दगडाकडून तुमची अपेक्षा काय?

पुण्यात श्रद्धा-अंधश्रद्धेचा वाद निघाला की तो 'याला शास्त्रीय आधार काय?' या प्रश्नाशी येऊन अडतो. प्रश्न रास्तच आहे. पण धर्माच्या आतल्या जाणत्यांनी लावलेली कसोटी वेगळी आहे, आणि माझ्या मते जास्त कडक. ते विचारतात: ही वस्तू किंवा हा विधी आपल्या बळावर काही करतो, असं तुम्ही धरून चालला आहात का?

बायबलमधली पितळी सापाची गोष्ट घ्या. वाळवंटात लोकांना विषारी साप चावू लागले, तेव्हा देवाच्याच आज्ञेवरून मोशेने पितळेचा साप करून खांबावर लावला. त्याच्याकडे पाहणारा वाचत असे. पुढे काही शतकांनी लोक त्या सापापुढेच धूप जाळू लागले. मग हिज्किया राजाने त्याचे तुकडे केले. लक्षात घ्या, ती वस्तू खोटी नव्हती, खुद्द मोशेच्या हातची होती. बिघडली होती ती लोकांची तिच्याकडून असलेली अपेक्षा.

दुसरे खलिफा उमर यांनी काबाच्या काळ्या दगडाचं चुंबन घेतलं आणि म्हणाले, तू दगड आहेस, कुणाचं भलं करू शकत नाहीस की वाईट. पैगंबरांना चुंबन घेताना पाहिलं नसतं तर मीही घेतलं नसतं. त्यांनी विधी सोडला नाही, दगडाला शक्ती मात्र नाकारली. हिज्कियाने मोडून जे साधलं, ते उमर यांनी ठेवून साधलं. मला हे दुसरं अधिक अवघड वाटतं.

आपल्याकडे देहूच्या तुकोबांनी नवसाचा सौदा एका ओळीत मोडीत काढला: 'नवसें कन्यापुत्र होती । तरि कां करणें लागे पती ॥' आणि हे म्हणणारा माणूस विठ्ठलाच्या पायांवरून हलला नाही.

माझ्या ओळखीत एक बाई अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं करतात. एकदा मोजणी चुकली. एक कमी पडलं तर मुलाचं काम अडेल, या धास्तीने त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. पाठ तोच, गणपती तोच, पण त्या क्षणी भरवसा गणपतीवरून आकड्यावर सरकला होता. शेजारी बसलेल्या कुणाला ते दिसलंही नसतं. हीच या कसोटीची मर्यादा: ती ज्याची त्यालाच लावता येते. म्हणून दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 साली आपल्या राज्यात झालेला जादूटोणाविरोधी कायदा मनातल्या भावाच्या वाटेला जात नाही. फसवणूक झाली का, कुणाला इजा झाली का, कुणाचं शोषण झालं का, एवढंच तो पाहतो, आणि कायद्याने तिथंच थांबावं असं मला ठामपणे वाटतं. त्या बाईंच्या एकविसाव्या आवर्तनाचा हिशेब त्यांनी स्वतःच, गणपतीसमोर बसून करायचा आहे.